ओव्हन बंद झाल्यानंतर

प्रबंधाच्या सहा वर्षांपैकी पहिली चार वर्षं माझा दिवस एका ओव्हनने ठरवला. जमिनीतला ओलावा मोजायची एक जुनी, भरवशाची पद्धत आहे. ऑगरने ठरावीक खोलीवरची माती काढायची, अ‍ॅल्युमिनियमच्या डबीत भरून लगेच झाकण लावायचं आणि डबीचं वजन करायचं. मग झाकण काढून ती १०५ अंश सेल्सिअसला २४ तास ओव्हनमध्ये ठेवायची आणि झाकण लावून पुन्हा वजन करायचं. जो फरक येतो तेवढं पाणी उडून गेलेलं असतं. त्याला कोरड्या मातीच्या वजनाने भागलं की ओलावा मिळतो. माझ्याकडे २४ वाफे होते, प्रत्येकातून तीन पातळ्यांवरची माती, म्हणजे ७२ डब्या. एक दिवस डब्या आत, दुसऱ्या दिवशी बाहेर. उद्या सकाळी काय करायचं हा प्रश्न त्या चार वर्षांत मला एकदाही पडला नाही. उद्याचं काम आज रात्रीच ओव्हनमध्ये तापत असायचं.

शेवटची दोन वर्षं लिखाणात गेली. तिथे ओव्हनची जागा माझ्या मार्गदर्शक मॅडमच्या शुक्रवारने घेतली. शुक्रवारी दुपारी प्रकरण त्यांच्या हातात द्यायचं, मंगळवारी ते लाल शाईने भरून परत यायचं, की लगेच पुढच्या शुक्रवारची तयारी सुरू. त्या काळात मी कुरकुर पुष्कळ केली, पण आता कळतं की सहा वर्षांत माझा एकही दिवस सुटा नव्हता. प्रत्येक दिवसाची गाठ पुढच्या दिवसाला बांधलेली होती.

मौखिक परीक्षा दोन तास चालली आणि चांगली झाली. परीक्षकांनी किरकोळ दुरुस्त्या सांगितल्या, त्या मी आठवड्याच्या आत करून दिल्या. परीक्षेच्या संध्याकाळी फोनवर फोन आले. आई रडली. मीही रडले, आणि ते खरोखर आनंदाचं रडणं होतं. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे झालं त्यावरून कुणालाही वाटेल की मला मुळात आनंदच झाला नव्हता. झाला होता. तो एक संध्याकाळ आणि एक रात्र टिकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोकं ठणकायला लागलं ते तीन दिवस ठणकत राहिलं. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात मी रोज जेमतेम चार तास झोपत होते, तेव्हा डोकं दुखलं नव्हतं. विश्रांती मिळायला लागल्यावर दुखलं. मला मायग्रेनचा त्रास पूर्वीपासून आहे, पण हा प्रकार तेव्हा विचित्रच वाटला. नंतर वाचलं की मायग्रेनच्या रुग्णांनी रोज लिहिलेल्या नोंदींवरून झालेला एक अभ्यास २०१४ साली ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात आला होता. ताण नुसता जास्त असण्यापेक्षा तो एका दिवसातून दुसऱ्या दिवसात उतरणं, हे त्यांच्या डोकेदुखीच्या सुरुवातीशी जास्त जुळत होतं. म्हणजे जोर ओसरतानाच शरीर कुरकुरतं. हे आधी माहीत असतं तर त्या तीन दिवसांत मी स्वतःला नाजूक आणि कृतघ्न ठरवलं नसतं.

डोकं थांबलं आणि खरी गोष्ट सुरू झाली. सकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी मला जाग यायची, सवयीने. उठायचं कारण नसायचं, म्हणून पडून राहायचे. फोन हातात घ्यायचा आणि नऊ वाजायचे. दुपारी कुणाशी बोलावंसं वाटायचं नाही. रात्री मात्र मी प्रबंधाची फाइल उघडायचे आणि कुठल्याही पानावरून वाचायला लागायचे. एका रात्री पान १४३ वर एका तक्त्याखाली एकक चुकलेलं दिसलं, आणि मला जवळजवळ हायसं वाटलं. अजून काहीतरी करायचं बाकी होतं! ते दुरुस्त करून पाठवायची वेळ निघून गेली आहे हे लक्षात आल्यावर मी लॅपटॉप मिटला आणि अंधारात बराच वेळ बसून राहिले.

दुःख झालं होतं असं म्हणता येणार नाही. कशाचंच काही वाटत नव्हतं, हेच वाटत होतं. त्यात भर पडली ती लाजेची. ज्यांना पदवी मिळाली नाही, ज्यांचं काम मध्येच सुटलं, अशी माणसं माझ्या ओळखीची होती. त्यांच्यासमोर ‘मला रिकामं वाटतंय’ असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? घरच्यांचा आनंद अजून ओला होता. म्हणून मी सगळ्यांना सांगत राहिले की विश्रांती घेते आहे. हे वाक्य इतकं बरोबर बसत होतं की कुणीच पुढे काही विचारलं नाही.

नवव्या दिवशी मी एक चूक केली, आणि ती बहुतेक जण करत असावेत. मी एका सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. विषय होता विदा-विश्लेषण. तो मला नकोसा होता असं नाही, पण तो निवडताना माझ्या मनात विषय नव्हताच. मनात एवढंच होतं की पुन्हा एक तारीख हवी, पुन्हा कुणीतरी काम तपासायला हवं. नाव घातलं त्या संध्याकाळी अंगात वीज आल्यासारखं झालं. मी वेळापत्रक आखलं, नवी वही काढली. पहिला पाठ केला, दुसरा केला, तिसऱ्याला डोळ्यांपुढची अक्षरं डोक्यात शिरेनात. चौथ्या दिवशी वही मिटली ती मिटलीच. आणि आता रिकामपणाच्या जोडीला ‘माझ्यात आता दमच उरला नाही’ हा पुरावाही हाताशी आला. थकलेल्या माणसाने त्याच थकलेल्या स्नायूवर पुन्हा वजन घेतलं तर ते पडणारच, एवढी साधी गोष्ट होती. पण तेव्हा ते मला माझ्या स्वभावाचं निदान वाटलं.

तेविसाव्या दिवशी दादा चार दिवस राहायला आला. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, कमी बोलणारा. पहिले दोन दिवस तो काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सायकलची साखळी साफ करायला बसला आणि मला म्हणाला, “ये, ब्रश धर.” आम्ही अर्धा-पाऊण तास साखळी घासत होतो. मग वर न बघता त्याने विचारलं, “तू शेवटची खळखळून कधी हसलीस?”

मी म्हटलं, “व्हायव्हाच्या दिवशी.”

“त्याला तीन आठवडे झाले.” थोड्या वेळाने म्हणाला, “मी तुला काही शिकवत नाही. पण एकदा कुणाला तरी दाखवू या. मी येतो बरोबर.”

तो बरोबर आला, बाहेरच्या बाकावर बसला. आत समुपदेशक बाई होत्या. त्यांनी माझ्यापुढे आधी एक कागद ठेवला. पीएचक्यू-९ नावाची ही प्रश्नावली जगभर वापरली जाते. नऊ प्रश्न, सगळे गेल्या दोन आठवड्यांबद्दल. कामात रस वाटत नाही, उदास वाटतं, झोप बिघडली आहे, थकवा आहे, भूक कमी किंवा जास्त झाली आहे, असे. प्रत्येकाला ० ते ३ गुण, ‘अजिबात नाही’पासून ‘जवळजवळ रोज’पर्यंत. एकूण २७. माझे ८ आले. शेवटच्या प्रश्नावर, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटण्याबद्दलच्या, माझं शून्य होतं. तो आकडा बाईंनी वेगळा पाहिला, आणि तोंडी पुन्हा विचारला.

मग त्या म्हणाल्या, “पाच ते नऊ म्हणजे सौम्य. दहा किंवा वर असते तर मी तुम्हाला डॉक्टरांकडेही पाठवलं असतं. आणि शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शून्य नसतं, तर बाकीचे आकडे न पाहता आजच. हा कागद निदान करत नाही, फक्त आपण कुठे उभे आहोत ते दाखवतो. दोन आठवड्यांनी पुन्हा भरू या.” मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचं नवलही वाटलं. इतके दिवस जी गोष्ट माझा कृतघ्नपणा होती, तिला आता एक माप होतं.

मी त्यांना विचारलं, “इतकं हवं होतं ते मिळालं, तरी मला काहीच का वाटत नाही?”

त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर वाचूनही पाहिलं. मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून एक फरक दाखवून दिला. हवंसं वाटणं आणि आवडणं या मेंदूतल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवलं होतं, ते अन्न समोर असूनही खायला जात नसत. पण गोड थेंब जिभेवर ठेवला तर इतर उंदरांसारखेच ओठ चाटत. आवड शाबूत होती, ओढ गेली होती. बाई म्हणाल्या, “तुम्ही सहा वर्षं ओढीवर जगलात. रोज सकाळी तीच तुम्हाला उठवत होती. पदवी हातात आली आणि ओढ थांबली. थांबणारच, कारण ती ज्याच्याकडे ओढत होती ते मिळालं. तुमची आवड कुठेही गेलेली नाही. फक्त ती आता आपणहून तुम्हाला खाटेवरून उठवणार नाही. तिच्यापर्यंत चालत जावं लागेल.”

चंद्रावर दुसऱ्या क्रमांकाने उतरलेल्या बझ ऑल्ड्रिन यांनी १९६९नंतरच्या वर्षांत आपल्याला आलेल्या नैराश्याबद्दल आणि दारूच्या व्यसनाबद्दल पुढे उघडपणे सांगितलं आहे. त्यांच्या त्रासाची कारणं अनेक होती, माझा प्रबंध काही चंद्रावर गेला नव्हता, आणि तुलना करायचीही नाही. पण शिखरानंतर घसरण येऊ शकते हे इतक्या मोठ्या माणसाने सांगितलेलं असताना मी स्वतःला वेगळं समजत होते, याचं मला वाईट वाटलं.

बाईंनी औषध सांगितलं नाही, नवं ध्येयही सांगितलं नाही. त्यांनी मला नोंदवही दिली. एक आठवडा, उठल्यापासून झोपेपर्यंत, दर तासाला काय केलं ते दोन-चार शब्दांत लिहायचं आणि पुढे दोन आकडे, ० ते १०. पहिला : काहीतरी पार पाडल्यासारखं किती वाटलं. दुसरा : बरं किती वाटलं. “सुधारायचा प्रयत्न करू नका,” त्या म्हणाल्या. “आत्ता फक्त मोजा.” या पद्धतीला वर्तन-सक्रियण म्हणतात, आणि ती नैराश्यावरच्या उपचारातून आलेली आहे. १९९६ साली नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संपूर्ण उपचार आणि त्यातला फक्त हा कृतीचा भाग अशी तुलना करून पाहिली होती, तेव्हा नुसत्या कृतीचा परिणाम पूर्ण उपचारापेक्षा कमी आढळला नव्हता. मोजायला सांगितलं तर मी कशाला नाही म्हणेन! चार वर्षं मी तेच केलं होतं.

आठवड्यानंतर वही उघडून बसले, तेव्हा ज्याला मी सरसकट ‘रिकामपणा’ म्हणत होते तो सरसकट नव्हता हे दिसलं. त्याला जागा होत्या. पहिली जागा सकाळची, पाच ते नऊ. खाटेवर फोन घेऊन पडलेल्या तासांपुढे सातही दिवस ०, १, ०, १ असेच आकडे. दुसरी जागा शुक्रवार. शुक्रवारची दुपार आठवड्यातली सगळ्यात वाईट होती, आणि त्या दिवशी नेमकं काय होतं ते मी लिहीपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तो मॅडमना प्रकरण द्यायचा दिवस होता. शरीराने शुक्रवार लक्षात ठेवला होता. तिसरी जागा माणसांची. सहा वर्षं वजनकाट्याच्या खोलीत आम्ही चार-पाच जण रोज भेटायचो. त्यांना मी मैत्रिणी आणि मित्र म्हणत नव्हते, कारण बोलणं बहुतेक काट्याच्या पाळीवरून आणि बिघडलेल्या पंख्यावरून व्हायचं. पण आठवडाभरातला सगळ्यात मोठा आकडा तिथूनच आला. खोलीतल्या एका धाकट्या विद्यार्थिनीने फोन करून विचारलं होतं, की डब्यांवरचे नंबर ओव्हनमध्ये पुसट होतात तर काय करू. मी तिला सांगितलं, शाईने लिहूच नकोस, खिळ्याने कोर, आणि झाकणावर नको, डबीच्या अंगावर कोर, कारण झाकणं बदलतात. वीस मिनिटांचा फोन. त्यापुढे मी लिहिलं होतं : ६ आणि ७.

साखळीच्या पाऊण तासापुढे, तो दिवस नोंदीच्या आधीचा असूनही, मी आठवून ५ आणि ५ लिहिले.

त्यानंतरचं काम हे त्या तीन जागा भरायचं होतं, आणि भरायचं म्हणजे गच्च भरायचं नव्हतं. सकाळसाठी ठरलं ते इतकंच : पाच वाजून दहाला जाग येतेच आहे तर साडेपाचला पाय जमिनीवर टेकवायचे, फोन रात्रीच दुसऱ्या खोलीत ठेवायचा, आणि अर्ध्या तासाच्या आत घराबाहेर उजेडात वीस मिनिटं चालून यायचं. दहा ते एकच्या वेळेत एकच काम, आणि ते त्याच दिवशी संपेल असं. शुक्रवारी दुपारी वजनकाट्याच्या खोलीतल्या एका सोबतिणीबरोबर चालायला जायचं. तीही तेव्हा लिखाणात अडकलेली होती, तिलाही बाहेर पडायला निमित्त हवं होतं.

एक नियम बाईंनी तीनदा सांगितला : घड्याळ पाहून करायचं, मन पाहून नाही. मन तयार व्हायची वाट पाहिली तर ते तयार होत नाही, कारण ओढ जागेवर नाहीये. आधी कृती, मागून मन. हे ऐकायला सोपं वाटतं, पण साडेपाच वाजता ते अजिबात खरं वाटत नाही. म्हणून त्यांनी वहीत आणखी एक रकाना आखायला लावला, कामाच्या आधी भरायचा : किती बरं वाटेल असा अंदाज आहे? मग काम झाल्यावर खरा आकडा.

त्या दोन रकान्यांनी मला बाकी कशाहूनही जास्त समजावलं. पहिल्या सकाळी चालण्याचा माझा अंदाज होता १, खरा आकडा आला ३. दुसऱ्या दिवशी अंदाज १, खरा ४. शुक्रवारी सोबतिणीबरोबरच्या चालण्याचा अंदाज २, खरा ६. कपाट आवरण्याचा अंदाज ४ होता आणि खरा आला १, म्हणजे चूक उलट्या दिशेनेही व्हायची. पण दोन आठवड्यांत चौदा सकाळींपैकी अकरा वेळा खरा आकडा अंदाजापेक्षा वर होता. माझा काटा शून्यावर नव्हता. काटा खाली वाचत असेल तर मातीचा दोष नसतो, दुरुस्तीचा आकडा प्रत्येक वाचनात मिळवायचा असतो. मग मी मनातल्या अंदाजातही दोन मिळवून वाचायला लागले. सकाळी ‘आज काही अर्थ नाही’ असं वाटलं की तो आदल्या दिवसासारखाच दोनाने कमी वाचणारा काटा आहे, एवढं आठवायचे आणि चपला घालायचे.

तिसऱ्या आठवड्यात गाडी घसरली. बरं वाटायला लागलं म्हणून मी यादी वाढवली : व्यायाम, एक भाषा, रोज एक पत्र, कपाटं, आणखी काय काय. मोजली तर अकरा कामं होती. दोन दिवस झाली, तिसऱ्या दिवशी पाच झाली, चौथ्या दिवशी मी पुन्हा नऊपर्यंत खाटेवर होते. बाईंनी वही पाहिली आणि अकरातल्या आठ कामांवर रेघ मारली. “तुम्ही पुन्हा प्रबंध लिहायला घेतलात,” एवढंच त्या म्हणाल्या. तीन उरली. घसरण ओळखायची खूणही त्यांनी दाखवली : कामं झाली तरी पहिला आकडा वर जातो आणि दुसरा खालीच राहतो. नुसतं पार पाडणं वाढतं, बरं वाटणं वाढत नाही. तसं सलग तीन दिवस दिसलं तर एक काम कमी करायचं. ही खूण मी आजही वापरते.

स्वतः शोधलेली गोष्ट एकच, आणि तीच मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली. रोज रात्री झोपण्याआधी एक काम मुद्दाम अर्धं सोडायचं. पत्र लिहायला घेतलं तर शेवटचा परिच्छेद उद्यासाठी ठेवायचा. शिवण काढली तर एक बाजू राहू द्यायची. काम अर्धं सोडणं मला पूर्वी सहन होत नसे. पण चार वर्षं मी नेमकी तशीच झोपले होते, ७२ डब्या ओव्हनमध्ये ठेवून. सकाळी उठल्यावर ‘आता काय’ या प्रश्नाच्या जागी अर्धं पत्र असलं की पाय आपोआप जमिनीला लागतात. त्यासाठी काम मोठं असावं लागत नाही, पण ते काल सुरू झालेलं असावं लागतं.

दोन आठवड्यांनी पुन्हा भरलेल्या प्रश्नावलीत ५ आले, त्यानंतरच्या वेळी ३. आकडे सरळ रेषेत उतरले असं समजू नका. पदवीचं प्रमाणपत्र हातात मिळालं त्या दिवसानंतर दोन-तीन दिवस पुन्हा तेच जडपण आलं, लहान मापात. अशा कामाला एकच शेवट नसतो, तीन-चार असतात, आणि प्रत्येकानंतर थोडी उतरण येते. या वेळी मी आदल्या आठवड्यातच त्या दिवसांसाठी चालणं आणि दोन माणसांच्या भेटी लिहून ठेवल्या होत्या. डोकं याही वेळी दुखलं, पण एकच दिवस.

याच सुमारास माझ्या एका मैत्रिणीचं लग्न झालं. दीड वर्ष तिने त्याची आखणी केली होती. लग्नानंतर महिन्याभराने तिचा फोन आला, आवाज एकदम पडलेला. आधी म्हणाली काही नाही, मग हळूच म्हणाली, “सगळं छान आहे गं, तो छान आहे, मला काय झालंय तेच कळत नाही. मी चुकीचा निर्णय तर घेतला नाही ना?” मी तिला सल्ला दिला नाही. वही पाठवली. तिच्या नोंदींत रिकाम्या जागा वेगळ्याच निघाल्या. लग्नाच्या याद्या करताना ती आणि तिची बहीण रोज रात्री तासभर फोनवर बोलत, आणि लग्न झाल्यापासून त्यांचं बोलणं आठवड्याला एकदा आलं होतं. नवऱ्याबरोबरच्या वेळेपुढे तिने ६ आणि ७ लिहिले होते. ते आकडे तिनेच स्वतः लिहिलेले होते, म्हणून तिचा त्यांच्यावर विश्वास बसला. निर्णय चुकला होता ही भीती त्यानंतर तिने पुन्हा बोलून दाखवली नाही. बहिणीबरोबरचा फोन पुन्हा रोजचा झाला, याद्या नसताना.

प्रबंधाच्या सामानाची आवराआवर मी सगळ्यात शेवटी ठेवली होती. डब्या, ऑगर, सहा खोक्यांत भरलेल्या नोंदवह्या, हे सगळं वजनकाट्याच्या खोलीत तसंच पडून होतं, कारण ते हलवलं की खरंच संपलं असं मला वाटत होतं. अडीच महिन्यांनी मी ते त्या फोन करणाऱ्या विद्यार्थिनीच्या स्वाधीन करायचं ठरवलं. सकाळी आठला गेले. आधी आम्ही ७२ डब्या मोजल्या, दोन हरवल्या होत्या. कोणत्या वाफ्यात ऑगर दगडाला अडतो आणि कुठे माती चिकटून येते ते मी तिला नकाशावर खुणा करून दाखवलं. वह्यांच्या खोक्यांवर वर्षं लिहिली. एक वही उघडून तिसऱ्या वर्षातल्या एका सकाळचे आकडे पाहिले, पावसानंतरचे, आणि तो दिवस मला माझ्या बोटांवरच्या चिखलासकट आठवला. ते पाहताना मी रडले. ती गोंधळली. मी म्हटलं, “काही नाही, बरं वाटतंय.” तेव्हा खरोखर बरं वाटत होतं.

मग तिने विचारलं, “ताई, २४ तास झाले तरी माती पूर्ण वाळली आहे हे नक्की कसं कळतं? चिकणमाती असेल तर?”

“वजन कर,” मी सांगितलं, “आणि लिहून ठेव. परत आत ठेव, दोन तासांनी पुन्हा वजन कर. आकडा बदलला नाही तर वाळली. बदलला तर अजून पाणी आहे.”

तिने डबी डेसिकेटरमध्ये, म्हणजे हवेतला ओलावा लागू न देणाऱ्या बंद भांड्यात, गार होऊ दिली, काट्यावर ठेवली, आकडा लिहिला आणि डबी पुन्हा ओव्हनमध्ये सरकवली. दोन तास थांबायची गरज मला नव्हती. खोलीची किल्ली मी तिच्या हातात दिली. शुक्रवार होता, आणि खाली सोबतीण चालायला थांबली होती.